पाणी मागायचं राहिलं

माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्याची वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यातलं एक पान मी कितीदा फाडायला घेतलं आणि फाडलं नाही. त्या पानावर माझ्या सुबक अक्षरात लिहिलेलं आहे: 'सर जवळ थर्मास असताना प्रत्येक ठिकाणी गरम पाणी मागवतात. दहा-पंधरा मिनिटे वाया.' खाली लाल पेनाने रेघ. लाल पेन मी मुद्दाम विकत घेतला होता, सुधारणा सुचवण्यासाठी. सहा दिवसांच्या नोकरीत मी खात्याला सुधारायला निघालो होतो.

मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टरच्या खालचा माणूस. पण खेड्यात आम्हालाही डॉक्टरच म्हणतात आणि आम्हीही ते खोडून काढत नाही. लस टोचणं, कानाला बिल्ला मारणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माजावर आलेल्या गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणं, हे आमचं काम. माझी पहिली नेमणूक सेनगाव तालुक्यातली. माझे वडील हिंगोलीच्या कचेरीत कारकून. घरात गाय पाहिली ती फक्त वसुबारसेच्या दिवशी, तीही शेजाऱ्यांची. पदविकेच्या परीक्षेत मात्र मी पहिल्या पाचांत होतो, आणि हे मी पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकलं.

सर म्हणजे दवाखान्यातले जुने पर्यवेक्षक. निवृत्तीला आठ-नऊ महिने उरलेले. उन्हाने रापलेला चेहरा, खिशात नेहमी बडीशेप, आणि बोलणं अगदी हळू. मोठ्या डॉक्टरांनी मला त्यांच्या हवाली केलं. "आठवडाभर यांच्या मागे फिरा. हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. काही अडलं तर विचारायचं," एवढंच ते म्हणाले.

फक्त पाहायचं. मी पाहिलं, अगदी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून रेतनाची नळी चिमट्याने किती झटकन उचलायची, ती सदतीस अंश गरम पाण्यात तीस सेकंद कशी ठेवायची, कापसाने कोरडी कशी पुसायची, कुठून कापायची, गनमध्ये कशी भरायची, वरून प्लास्टिकचं आवरण कसं चढवायचं. डावा हात खांद्यापर्यंतच्या मोज्यात, उजव्या हातात गन. सरांचं मनगट किती वळतं तेसुद्धा मी वहीत काढलं. चित्र काही बरं आलं नाही.

जे पाहिलं नाही, त्याला मी 'गप्पा' असं नाव दिलं होतं.

कारण सर कुठेही गेले की लगेच कामाला लागत नसत. मोटारसायकल उभी करायचे, गाईच्या पाठीवर हात फिरवायचे, वैरण किती आहे ते पाहायचे. गाय दाखवायला जो बाप्या पुढे आलेला असेल, सासरा, दीर, नवरा, जो कोणी, त्याला म्हणायचे, "जरा गरम पाणी आणता का? हाताला सोसंल एवढं." तो माणूस चुलीकडे गेला की सर गोठ्यातच घुटमळायचे. शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईशी काहीबाही बोलायचे. पाणी आलं की ते बाजूला ठेवायचे आणि नळी मात्र थर्मासमधल्या पाण्यातच टाकायचे. थर्मासला तापमापीही लावलेली. चुलीवरचं पाणी शेवटी हात धुवायला.

मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय. थर्मास नव्हता त्या काळातली. दुसऱ्या दिवशी मी मोजलं, सहा ठिकाणी सहा वेळा पाणी मागवलं. तिसऱ्या दिवशी मला हसू आवरेना. विचारायचं मनात आलंही होतं. पण विचारलं तर त्यांना लाज वाटेल, असा मोठेपणा करून मी गप्प बसलो. खरं कारण ते नव्हतं. उत्तर मला आधीच माहीत आहे अशी माझी खात्री होती, आणि खात्री असलेला माणूस विचारतो कशाला?

सरांनी दोन-तीनदा वाट करून दिली होती. चौथ्या दिवशी सेनगावच्या टपरीवर चहा पिताना म्हणाले, "काय साहेब, वही भरून राहिली तुमची. इचारायचं काहीच न्हाई का?"

मी विचारलं, "सर, नायट्रोजन किती दिवसांनी भरून घ्यायचा?"

त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे पाहत बडीशेप चावत बसले.

सहाव्या दिवशी सकाळी एका तांड्यावरून फोन आला. तांडा सेनगावच्या पुढे, माळाला लागून. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून देश फिरलेले. आता शेती करतात, पण गुरांचं वेड रक्तातच. गाय लालकंधारी, देखणी. पाच महिन्यांपूर्वी व्यालेली, दूध देणारी. ती घरच्या थोरल्या सुनेच्या माहेराहून आलेली होती, हे म्हाताऱ्या सासऱ्यानेच मला सांगितलं.

"रातपासून हंबरून राहिली," म्हातारा म्हणाला. "दूध बी चोरलं आज. माजावर हाय डॉक्टर. व्याल्यापासून पयल्यांदाच."

सर गाईच्या पाठीवर हात ठेवतात न ठेवतात तोच पलीकडच्या घरातून एक माणूस पळत आला. त्यांची म्हैस फुगली होती, पोट नगाऱ्यासारखं ताठ, तोंडाला फेस. पोटफुगीत वेळ घालवता येत नाही. सरांनी औषधांची पिशवी उचलली आणि मला म्हणाले, "तुमी बसा. चहा घ्या. मी आल्याबिगर काही करू नका."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. पुढे मी स्वतःलाही फसवू शकू नये, इतकं स्पष्ट.

मी पाच मिनिटं बसलो. मग उठलो, मोबाइलमधल्या ॲपमध्ये गाईच्या बिल्ल्याचा नंबर टाकला. व्याल्यानंतर रेतनाची एकही नोंद नव्हती. म्हणजे गाय रिकामी. किती सोपं! माळावर फिरणारा मोकाट वळू ॲपमध्ये नोंद करत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. हंबरडा रात्रीपासूनचा म्हणजे वेळ निघून चालली होती. सर परत येतील तेव्हा काम झालेलं असेल आणि ते म्हणतील, पोरगं तयार आहे. मला ते वाक्य ऐकायचं होतं. आज ते लिहितानाही कान गरम होतात.

मी पिशवी उघडली. म्हातारा सवयीने उठून उभा राहिला. सरांना तो वर्षानुवर्षं पाहत होता.

"पानी आणू का डॉक्टर? गरम?"

"नको बाबा," मी म्हणालो, आणि थर्मास उचलून त्याला दाखवला. "आपल्याकडे सगळं आहे."

गोठ्याच्या दाराशी थोरली सून बादली घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, सासऱ्यासमोर असतो तसा. ती शेण भरायला आली असेल असं मला वाटलं. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. मला तिची अडचणच झाली, उजेड अडत होता. "बाई, जरा बाजूला," मी म्हणालो. ती बाजूला झाली.

मग मी काम केलं. तीस सेकंद मोजून, कोरडी पुसून, बरोबर कापून. हात आत घातल्यावर सगळं जसं पुस्तकात होतं तसं लागत नव्हतं. गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा जाड वाटलं. एक क्षण थांबलो, हे मला पक्कं आठवतं. मग मनाशी म्हणालो, व्यायलेली गाय आहे, असेल तसं. गर्भाशयाच्या मुखातून गन थोडी अडत गेली. मी ती पुढे ढकलली.

सर आले तेव्हा मी हात धूत होतो, थर्मासमधल्या उरलेल्या पाण्याने. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, मग दाराकडे. सून तिथे नव्हती. "केलंत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. म्हैस वाचली होती, त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, तो हळूहळू उतरला. दवाखान्यात आल्यावर रेतनाच्या रजिस्टरमध्ये त्यांनी स्वतःची सही केली, कारण पहिल्या आठवड्यातल्या माणसाला एकट्याने रेतन करायची मुभाच नव्हती.

त्यानंतर पाचव्या दिवशी तांड्यावरून पुन्हा फोन आला. गाईने गाभ टाकला होता.

आम्ही पोचलो तेव्हा घरासमोर दहा-बारा माणसं जमलेली. सुनेनेच सकाळी गोठा झाडताना पाहिलं होतं. पळसाच्या पानांवर उचलून ठेवलं होतं ते मला दाखवायला आणलं. उंदराएवढं. पाय, खूर, सगळं होतं. अडीच महिन्यांचा गाभ. गाभण गाई कधीकधी माजाची खूण दाखवतात, हे मी परीक्षेत लिहून दोन मार्क मिळवले होते. मी ते उत्तर त्या पानांकडे पाहत आठवत होतो.

म्हातारा माझ्यावर नाही, सुनेवर ओरडत होता. आपल्या बोलीत, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत. "गाय चारायला ही नेती. वळू कवा लागला हिला ठावं असंल का न्हाई? सांगितलं काहून न्हाई?" अडीच महिन्यांपूर्वी माळावर तिच्या हातून दावं सुटलं होतं, वळू आला होता. गाय मोकळी सोडू नको असं सासऱ्याने बजावलेलं. घरी सांगायची भीती, आणि सासऱ्यासमोर तोंडाने तसलं बोलायची तर सोयच नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. गाय तिच्या माहेरची, चूक माझी, आणि शिव्या तिला.

मी तोंड उघडायला हवं होतं. तेव्हा, त्या क्षणी. जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणायची सोय आहे, पण तसं काही नव्हतं. मी हिशेब करत होतो. नवी नोकरी, परिविक्षेचा काळ, वडिलांनी वाटलेले पेढे.

सर पुढे झाले. "बाबा, तिला काहून बोलता? गाय तपासणं आमचं काम. हात घालून गाभ ओळखायचा असतो, ते माझ्याच्यानं झालं न्हाई. चूक माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला."

म्हातारा चकित झाला. गाईला हात कोणी लावला हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो माझ्याकडे बघू लागला. सर पुन्हा म्हणाले, "पोरगं माझ्या हाताखाली हाय. त्याचं ते माझंच."

मी खाली पाहत होतो. माझ्या बुटांवर शेण होतं, ते मला आजही दिसतं.

परत येताना सरांनी अर्ध्या वाटेत गाडी लिंबाखाली थांबवली. "वही काढा," म्हणाले. मी काढली. चष्मा लावून त्यांनी पानं उलटली, माझ्या चित्राला हसले, आणि मग त्या पानावर आले. लाल रेघ. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"पाणी मी बाप्याला गोठ्यातून काढायला मागतो," ते म्हणाले. "गाय माजावर कवा आली, माजाचा चिकट सोट कसा गळत होता, आधी कुठं वळू लागून फळली का, हे धार काढणारीला माहीत असतंय. बाप्यासमोर ती बोलत न्हाई. बाप्याला ऊठ म्हणलं तर त्याला राग येतो. पाणी आण म्हणलं तर कोणाला राग येत न्हाई."

मी म्हणालो, "सर, तुम्ही सांगितलं असतं तर..."

मला वाटतं आयुष्यात मी बोललेलं हे सगळ्यात हलकं वाक्य असेल.

"व्हय," ते म्हणाले. "माझंबी चुकलंच. तुमी इचारताल म्हणून थांबलो. पाहणाऱ्याला जे येड्यासारखं दिसतं ना, तेच आधी इचारावं. बाकीचं पुस्तकात असतंय." आणि त्यांनी गाडीला किक मारली.

तांड्यावरच्या कोणीतरी वर तक्रार केली. कारणे दाखवा नोटीस आली ती रजिस्टरवरच्या सहीला, म्हणजे सरांना. एवढ्या नोकरीतली त्यांची पहिली. मी घरी वडिलांना सगळं सांगितलं. कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी एकच विचारलं, "सही कोणाची आहे?" आणि मग म्हणाले, "गप्प बस." मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांनी 'जा, सांग' म्हटलं असतं तरी मी गेलो असतो की नाही, देव जाणे. सरांनी उत्तरात लिहिलं, रेतन मीच केलं, तपासणीत चूक झाली. लेखी ताकीद मिळाली. ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली आणि तिच्यासह ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल घालायचा मान कनिष्ठ म्हणून मला मिळाला. मी भाषणही केलं. चांगलं झालं म्हणे.

आता ते हिंगोलीतच असतात. बाजारात दिसतात, थांबतात, बडीशेप देतात. मी दर वेळी ठरवतो की आज बोलायचं, आणि दर वेळी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून येतो.

त्यानंतर मी कधी पाणी मागायला विसरलो नाही. पण त्या तांड्यावर जायचं टाळत राहिलो. फोन आला की दुसऱ्या कोणाला पाठवायचो. गेल्या साली दवाखान्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्याच घरून फोन आला. सहा वर्षांनी.

म्हातारा बाजेवर बसून होता, आणखी वाळलेला. गोठ्यात दुसरी गाय, आणि तिच्याजवळ दुसरी बाई: धाकटी सून, नवी, पदर नाकापर्यंत. थोरली ओसरीत ज्वारी पाखडत होती. तिने मान वर करून मला पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली. ओळखलं की नाही, कळलं नाही.

"बाबा," मी म्हणालो, "जरा गरम पाणी लागेल."

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून माझ्या पिशवीकडे पाहिलं. "थर्मास हाय की तुमच्याकडं. त्या टायमाला दावला व्हता."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ओसरीतून थोरली उठली. "त्यातलं थंड झालं असंल, मामा," ती म्हणाली. "चला, मला चुलीत जाळ घालून द्या." आणि म्हाताऱ्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली. जाताना धाकटीला आपल्या बोलीत दोन शब्द बोलली. धाकटीने पदर थोडा मागे घेतला आणि मला सांगू लागली: सोट आज पहाटे दिसला, काचेसारखा साफ, याआधी एकवीस दिवसांपूर्वी असाच, मधे गाय कुठेही फळली नाही, ती स्वतः चारायला नेते. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. मग हात घालून नीट तपासलं. गाय रिकामी होती. पहाटेचा माज, म्हणून संध्याकाळी येऊन रेतन करतो असं सांगितलं.

थोरली पाण्याचं भगुनं घेऊन बाहेर आली. मी हात पुढे केले, ती वरून ओतू लागली. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोललो. "बाई, तेव्हाची चूक सरांची नव्हती. माझी होती. मी बोललो नाही."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "ते बोलत व्हते तवा तुमी खाली पाहून राहिले व्हते."

माफ करा म्हणालो. तिने ते ऐकलं असावं, पण तिला दुसरंच काही सांगायचं होतं.

"त्या दिशी मी दारात उभी व्हते," ती म्हणाली. "मामांनी इचारलं, पानी आणू का. म्हणलं, आता ते जातील आन्‌ मी सांगते. तुमी नको म्हणले."

भगुन्यातलं पाणी संपलं होतं. ती आणखी आणायला आत गेली.